विंडोजमध्ये ट्रिम चालू, तरी एसएसडी झिजतेय: आकडे काय सांगतात

प्रश्न: इंदूरला आमचं छोटं सीए ऑफिस आहे. एका पीसीवर प्रॉक्समॉक्स टाकून दोन व्हर्च्युअल मशीन चालवतो, एक विंडोज (अकाउंटिंगसाठी) आणि एक लिनक्स. ५०० जीबीची साटा एसएसडी लावून २० महिने झाले. लिहिलं गेलंय फक्त २८ टीबी, डब्यावर १८० टीबीडब्ल्यू लिहिलं होतं, तरी आयुष्य ७१ टक्केच उरलंय. ड्राइव्हच्या तब्येतीच्या नोंदीत, म्हणजे स्मार्टमध्ये, १७३ समोर ४३५ दिसतं. विंडोजमध्ये `DisableDeleteNotify = 0` येतं, म्हणजे ट्रिम चालू आहे. दोन्ही मशीनच्या डिस्क ज्या साठ्यातून जागा घेतात तो थिन पूल ४३० जीबीचा आहे आणि ९७ टक्के भरलेला दिसतो, पण दोन्ही मशीनमधला खरा डेटा मिळून १८५ जीबीच आहे. ५० जीबी जागा रिकामी सोडून ओव्हर-प्रोव्हिजनिंग करू, की ड्राइव्हच बदलू?

उत्तर:

ड्राइव्ह बदलू नका, आणि ती ५० जीबीची गोष्टही सध्या बाजूला ठेवा. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे दोन आकडे सहज लिहून गेलात, पूल ९७ टक्के आणि खरा डेटा १८५ जीबी, त्यातच दुखणं दिसतंय. विंडोज ट्रिम पाठवत असेलही, पण तो निरोप एसएसडीपर्यंत पोहोचत नाहीये. मी इंदुरातल्या छोट्या ऑफिसांचे आणि पेढ्यांचे सर्व्हर सांभाळतो. एका पीसीवर दोन-तीन मशीन असली की हीच तक्रार बहुतेक ठिकाणी सापडते.

आधी तुमचेच आकडे मांडून बघू. १७३ म्हणजे प्रत्येक ब्लॉक सरासरी किती वेळा पुसला गेला. ४३५ वेळा पुसून २९ टक्के आयुष्य गेलं, म्हणजे निर्मात्याने १५०० वेळांचा हिशेब धरलाय. ५०० जीबीच्या ड्राइव्हमध्ये आत साधारण ५१२ गिबीबाइट फ्लॅश असते, दशमान पद्धतीने सुमारे ५५० जीबी. ४३५ गुणिले ५५० जीबी म्हणजे जवळपास २३९ टीबी. तुम्ही ड्राइव्हला दिलं २८ टीबी, आणि ड्राइव्हने आत फ्लॅशवर लिहिलं २३९ टीबी. भागाकार साडेआठ येतो. यालाच राइट ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. तुमच्या एका जीबीसाठी ड्राइव्ह साडेआठ जीबीची झीज सोसतेय.

डब्यावरच्या १८० टीबीडब्ल्यूचं कोडंही इथेच सुटतं. पूर्ण आयुष्याचा हिशेब १५०० गुणिले ५५० जीबी, म्हणजे ८२५ टीबी. त्याला १८० ने भागलं तर साडेचारच्या जरा वर येतं. म्हणजे एवढं ॲम्प्लिफिकेशन असतं तर डब्यावरचा आकडा आणि आयुष्याची टक्केवारी हातात हात घालून चालले असते. तुमचं त्याच्या जवळपास दुप्पट आहे. कंपनी खोटं बोलत नाही. टीबीडब्ल्यू ही वॉरंटीची मर्यादा असते आणि ती तुम्ही लिहिलेले टीबी मोजते. आयुष्याची टक्केवारी मात्र फ्लॅशची खरी झीज मोजते.

आता हे साडेआठ पट आलं कुठून? फ्लॅशमध्ये लिहिणं पानापानाने होतं, पान साधारण १६ केबीचं. पुसणं मात्र आख्ख्या ब्लॉकचं होतं आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो पानं असतात. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून फाइल बदलली की ड्राइव्ह नवा मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर ठेवते आणि जुनं पान ‘बाद’ म्हणून नोंदवते. कोरी पानं संपत आली की एखादा ब्लॉक निवडायचा, त्यातली अजून जिवंत पानं दुसरीकडे उतरवायची आणि ब्लॉक पुसायचा. ही उतरवाउतरवी म्हणजे जास्तीचं लिहिणं. आपल्या कापड मार्केटमधल्या गोदामासारखं समजा. खोली धुवायची तर पूर्ण रिकामी करावी लागते. खोलीत चारच गठ्ठे असतील तर काम पटकन होतं, नव्वद असतील तर हमाल दिवसभर गठ्ठेच वाहतात.

सगळा खेळ मग एवढाच उरतो की पुसायला घेतलेल्या ब्लॉकमध्ये जिवंत पानं किती. आणि जिवंत कोणतं, हे ड्राइव्हला कळतं कसं? तुम्ही फाइल डिलीट केली की फाइल सिस्टम फक्त आपल्या वहीत खोडते. ड्राइव्हला त्याचा पत्ता नसतो. ती बिचारी तो मेलेला मजकूर जपत, ब्लॉकमागून ब्लॉक उचलून नेत राहते. ‘या पत्त्यांवरचं आता नको’ एवढं सांगणारी आज्ञा म्हणजे ट्रिम. त्याने लगेच काही पुसलं जातं असं नाही. ती पानं जिवंतांच्या यादीतून निघतात, आणि पुढच्या साफसफाईत कुणी त्यांना उचलत नाही.

तुमच्या बाबतीत ही आज्ञा वाटेत अडते. विंडोजला जी दिसते ती खरी एसएसडी नाही, प्रॉक्समॉक्सने दाखवलेली आभासी डिस्क आहे. त्या डिस्कवर ‘डिस्कार्ड’ चालू नसेल तर विंडोजचं ट्रिम तिथेच विरतं. `DisableDeleteNotify = 0` चा अर्थ एवढाच की विंडोजला ट्रिम पाठवायला मनाई नाही. पलीकडे कुणी घेणारं आहे का, हे तो आकडा सांगत नाही. उलट अशी डिस्क विंडोजला कधीकधी साधी हार्ड डिस्क वाटते, आणि मग आठवड्याच्या ठरलेल्या देखभालीत विंडोज तिचं डीफ्रॅग करतं. म्हणजे ट्रिम नाहीच, वर फुकटचं लिहिणं. विंडोजमध्ये ऑप्टिमाइझ ड्राइव्हची खिडकी उघडा आणि मीडिया टाइपच्या रकान्यात काय येतं ते बघा. तिथे `Hard disk drive` असेल तर माझ्या अंदाजाला बळ मिळतं. `Solid state drive` किंवा `Thin provisioned drive` असेल तरी डिस्कार्ड चालू आहेच असं नाही. प्रॉक्समॉक्सवर `qm config` च्या निकालात त्या डिस्कच्या ओळीत `discard=on` आधीच असेल तर मात्र पुढचं मत मी बदलेन, तेव्हा हे आधी तपासा.

थिन पूल ९७ टक्के का दिसतो तेही यातच आलं. आभासी डिस्कवर एकदा जिथे लिहिलं ती जागा पूल कायमची व्यापलेली धरतो, कारण ‘सोडली’ असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. आणि झिजेपेक्षा हा धोका जास्त जवळचा आहे. थिन पूल १०० टक्क्यांवर गेला की लिहिण्याच्या चुका येऊ लागतात, मशीन थांबतं, फाइल सिस्टम बिघडू शकते. ऑडिटच्या मुदतीच्या आठवड्यात हे व्हायला नको. म्हणून आज संध्याकाळीच हात घाला.

सुरुवात बॅकअपने, आणि तो दुसऱ्या डिस्कवर. तुमचा रात्रीचा बॅकअप याच एसएसडीवर पडत असेल तर तो आधी हलवा. रोज पंधरा-वीस जीबी लिहायचे आणि पुसायचे, हा भार याच ड्राइव्हला देण्यात काही अर्थ नाही, आणि ड्राइव्ह गेली तर बॅकअपही तिच्यासोबत जाणार. अजून एक गोष्ट ऑफिसात सगळ्यांना विचारा: अलीकडे कुणी चुकून एखाद्या क्लायंटचं फोल्डर उडवलंय का? ट्रिम झाल्यावर डिलीट केलेल्या फाइली रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळायची आशा जवळजवळ संपते.

मग होस्टवर, म्हणजे खुद्द प्रॉक्समॉक्सवर, खालचा थर तपासा:

```
lsblk --discard
```

एसएसडीच्या ओळीत `DISC-GRAN` आणि `DISC-MAX` खाली शून्य नसलेला आकडा हवा. शून्य असेल तर ड्राइव्ह यूएसबी अडॅप्टरवर किंवा एखाद्या RAID कार्डमागे आहे आणि ते मधलं यंत्र आज्ञा पुढे नेत नाही. अशा वेळी वरच्या थरांवरचे उपाय वाया जातात. आधी ड्राइव्ह मदरबोर्डच्या साटा पोर्टवर आणावी लागते. साध्या पीसीत सहसा इथे अडचण येत नाही.

पुढची पायरी आभासी डिस्कवर डिस्कार्ड चालू करण्याची. समजा विंडोज मशीनचा क्रमांक १०१ आहे आणि डिस्क `scsi0` वर आहे:

```
qm set 101 --scsi0 local-lvm:vm-101-disk-0,discard=on,ssd=1
```

डिस्कचं नाव आणि आधीचे पर्याय `qm config 101` मध्ये बघून तसेच लिहा, कारण या आज्ञेत जे लिहाल तेच उरतं. डिस्क `sata0` वर असेल तर `sata0` च लिहा. या निमित्ताने कंट्रोलर बदलायच्या मोहात पडू नका. ड्रायव्हर आधी न टाकता विंडोजचा बूट कंट्रोलर बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. आज्ञा दिल्यावर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. विंडोजच्या आतून रीस्टार्ट केल्याने नवी सेटिंग लागू होत नाही. बरेच जण इथेच अडकतात आणि ‘केलं, पण फरक नाही’ म्हणून फोन करतात.

आता विंडोजमध्ये, ॲडमिन पॉवरशेलमध्ये:

```
Optimize-Volume -DriveLetter C -ReTrim -Verbose
```

आणि लिनक्स मशीनवर, तिथेही डिस्कार्ड चालू केल्यावर, `fstrim -av`. डिस्कार्ड चालू होण्याआधी ज्या फाइली डिलीट झाल्या त्यांचं ट्रिम आपोआप मागून जात नाही. म्हणून ही एकवेळची झाडलोट हाताने करावी लागते. यानंतर विंडोज आपल्या वेळापत्रकाने करतं. लिनक्सवर `systemctl status fstrim.timer` बघून ठेवा, तो चालू असला म्हणजे आठवड्यातून एकदा काम होतं.

ट्रिम खरंच खाली गेलं का, याचा पुरावा होस्टवर `lvs` मध्ये मिळतो. `Data%` चा रकाना बघा. १८५ जीबी खरा डेटा आणि ४३० चा पूल, म्हणजे तो ९७ वरून ४३ च्या आसपास यायला हवा. ४५-४८ वर थांबला तरी चालेल. पूल ठरावीक तुकड्यांनी जागा सोडतो, आणि तुकड्यात थोडा जरी जिवंत डेटा असला तर तो तुकडा अडकून राहतो. पण आकडा ९० च्या वरच राहिला तर मशीनचे जुने स्नॅपशॉट बघा. अपडेटच्या आधी काढलेला आणि विसरलेला एक स्नॅपशॉट सगळी जुनी जागा धरून बसतो. तो काढल्याशिवाय ट्रिमने काही सुटत नाही.

आता ओव्हर-प्रोव्हिजनिंगकडे येऊ. ते वेगळं औषध नाही, याच जागेचा दुसरा हिशेब आहे. ड्राइव्हला साफसफाईसाठी हवी असते मोकळी, म्हणजे जिवंत नसलेली, फ्लॅश. ती तुम्ही विभाजनाबाहेर सोडलेली आहे, की फाइल सिस्टममध्ये रिकामी असून ट्रिम झालेली आहे, की कारखान्यातच राखून ठेवलेली आहे, याने तिला फरक पडत नाही. तुमच्या ड्राइव्हमध्ये ५१२ गिबीबाइटपैकी आज पूल आणि होस्टचं रूट विभाजन मिळून साधारण ४४७ जिवंत समजले जातात (`lvs` जे ‘जीबी’ दाखवतं ते गिबीबाइटच असतात). उरले ६५. त्यातूनही खराब ब्लॉकची राखीव जागा, ड्राइव्हची स्वतःची कोष्टकं, वेगाने लिहिण्यासाठीचा कॅश एवढं निघतं. पूर्ण विखुरलेल्या लिखाणासाठी एक ढोबळ सूत्र वापरतात. त्यात `OP` म्हणजे मोकळी जागा भागिले जिवंत डेटा:

```
WA = (1 + OP) / (2 × OP)
```

मोकळी जागा ७ टक्के धरली तर उत्तर साडेसातच्या थोडं वर येतं, १४ टक्के धरली तर चार, २८ टक्के धरली तर सव्वादोन. पहिल्या काही टक्क्यांचा फायदा प्रचंड आहे आणि पुढे तो आटत जातो, हे इथून घ्यायचं. नेमका आकडा ड्राइव्हगणिक आणि कामागणिक हलतो. मोठ्या फाइली सलग लिहिणाऱ्या ड्राइव्हला हे सूत्र लावलं तर ते उगाच घाबरवेल. तुमचं काम मात्र अकाउंटिंगच्या डेटाबेसचं, म्हणजे छोट्या-छोट्या विखुरलेल्या नोंदींचं. त्यातली बरीचशी ‘आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव’ अशा हुकमाने येतात, आणि घरगुती ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावर डेटा सांभाळणारे कपॅसिटर सहसा नसल्याने ड्राइव्ह त्या साठवून एकत्र लिहू शकत नाही. त्यामुळे सूत्राच्या वाईट टोकाला तुम्ही पोहोचलात यात नवल नाही.

ट्रिम खाली पोहोचलं की जिवंत डेटा सव्वादोनशेच्या आत येतो, म्हणजे निम्म्याहून जास्त फ्लॅश मोकळी. त्यावर आणखी ५० जीबी बाजूला काढून काय मिळणार? जवळजवळ काही नाही. शिवाय करायचं म्हटलं तरी सरळ होणार नाही, कारण एलव्हीएमचा थिन पूल लहान करता येत नाही. सगळं काढून पुन्हा बसवावं लागेल. ज्या ड्राइव्हवर ट्रिम पोहोचायची वाटच नाही, किंवा जी काही केल्या काठोकाठ भरतेच, तिथे मात्र विभाजनाबाहेर जागा सोडणं मी करतो. पण तिथेही एक अट असते: ती जागा खरोखर कोरी हवी. आधी वापरलेल्या ड्राइव्हवर विभाजन नुसतं आखूड केलं आणि त्या भागाला ट्रिम मिळालंच नाही, तर ड्राइव्हच्या लेखी तिथला जुना मजकूर जिवंतच राहतो. उद्या कधी प्रॉक्समॉक्स नव्याने बसवाल तेव्हा बॅकअप घेऊन आधी `blkdiscard -f /dev/sdX` ने पूर्ण ड्राइव्ह कोरी करा (यात सगळं जातं, अक्षर दोनदा तपासा) आणि इन्स्टॉलरमध्ये `hdsize` थोडा कमी द्या. ५०० जीबीवर ४० सोडले तरी पुरे.

पुढच्या आठवड्यात फरक मोजायचा असेल तर एकूण आकड्यांवर जाऊ नका, त्यात २० महिन्यांचा जुना भार मिसळलेला आहे. दोन सोमवारी `smartctl -A` घेऊन फरक काढा. मायक्रॉन आणि क्रूशलच्या साटा ड्राइव्हवर २४७ म्हणजे तुमच्यासाठी लिहिलेली पानं आणि २४८ म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या उतरवाउतरवीत लिहिलेली पानं. दोन्हींच्या वाढीची बेरीज भागिले २४७ ची वाढ, की झालं त्या आठवड्याचं ॲम्प्लिफिकेशन. तुमच्या सध्याच्या सरासरीने आठवड्याला २४७ साधारण २०० लाखांनी वाढत असेल आणि २४८ सुमारे १५०० लाखांनी. म्हणजे १७०० भागिले २००, तेच साडेआठ. दुरुस्तीनंतर मी दोन ते तीनची अपेक्षा ठेवेन. एकच्या जवळ येईल असं समजू नका. अशा ड्राइव्ह आधी वेगवान कॅशमध्ये लिहितात आणि मग तेच नेहमीच्या जागी हलवतात, ते दुसरं लिहिणंही २४८ मध्येच धरलं जातं. तुमच्या ड्राइव्हवर हे दोन आकडे नसतील तर १७३ ची वाढ महिनाभराने बघा. एका आठवड्यात तो पाच-सहा अंकांनीच हलतो, त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका.

आयुष्याचं बोलायचं तर फ्लॅशमध्ये अजून ५८६ टीबीची झीज शिल्लक आहे. आजच्या साडेआठ पटीने त्यात तुमचे ६९ टीबी बसतात. वर्षाला तुम्ही १७ टीबीच्या आसपास लिहिता, म्हणजे चारेक वर्षं. घाबरून आज नवी ड्राइव्ह आणण्यासारखं यात काही नाही. अडीच पटीवर तेच २३४ टीबी होतात, म्हणजे कागदावर चौदा वर्षं, आणि त्याआधी पीसीच जाईल. या दुरुस्तीचा खरा फायदा आधी वेगात जाणवेल. संध्याकाळी सहा जण एकदम नोंदी करतात तेव्हा मशीन मध्येच अडखळत असेल, तर ते कमी व्हायला हवं, कारण ड्राइव्हला तुमचं काम थांबवून ब्लॉक मोकळे करत बसावं लागणार नाही.

दुरुस्तीनंतरही दोन सोमवारांचा हिशेब पाचच्या वर आला तर मला `qm config` आणि `lvs` चे निकाल टाका. शक्यता दोनच उरतात. लिनक्स मशीनची डिस्क विसरली असाल, किंवा अकाउंटिंगचा डेटाबेस दर नोंदीला ड्राइव्हवर उतरवायला भाग पाडतोय. दुसरं असेल तर त्या एका डेटाबेससाठी कपॅसिटरवाली, ४८० जीबीची सर्व्हर दर्जाची छोटी साटा ड्राइव्ह घ्या. तिच्यात कारखान्यातूनच जास्त जागा राखलेली असते. आणि ही ५०० ची मग लिनक्स मशीनसाठी तशीच राहू द्या.